वाक्य संपण्याआधी दम संपतो तेव्हा

"मी ऐरोलीला राहते आणि ऑडिओबुकसाठी कादंबऱ्या वाचते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं आवाज छान लागतो. मग घसा धरतो, आवाज खरखरीत व्हायला लागतो आणि तासाभरात बसतोच. दुसऱ्या दिवशी सकाळीही जड वाटतं. कोमट पाणी, मध, ज्येष्ठमध, सगळं करून झालं. माझा आवाजच मुळात नाजूक आहे का? हे काम मला झेपणारं नाही का?"

प्राचीला (नाव बदललं आहे) मी सगळ्यात आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ठाण्यात नौपाड्याला मी आवाजाच्या तक्रारी बघते आणि माझा हा नियम पक्का आहे. आवाज तीन-चार आठवडे साफ नसेल, तर दुर्बिणीने स्वरतंतू पाहिल्याशिवाय मी व्यायाम सुरू करत नाही. गाठ आहे की नुसती सूज, हे बाहेरून ऐकून ठरवता येत नाही. तिच्या तपासणीत गाठ नव्हती, स्वरतंतूंच्या कडा किंचित सुजलेल्या होत्या. म्हणजे आवाज नाजूक नव्हता, तो वापरण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकत होतं.

मग तिच्याकडून मी एका प्रकरणाचं कच्चं रेकॉर्डिंग मागवलं. एडिट केलेलं नको, चुका, खाकरणं, पाण्याचे घोट सगळं असलेलं. पहिली पाच मिनिटं आणि पन्नासाव्या मिनिटानंतरची पाच मिनिटं मी पाठोपाठ ऐकली. सुरुवातीला वाक्याचा शेवट स्वच्छ होता. पुढे "होती", "राहिली", "म्हणाला" हे शब्द खाली जाऊन कर्रकर्र वाजत होते, आणि जवळपास प्रत्येक परिच्छेदानंतर ती घसा खाकरत होती. पहिल्या पानाला तिला पावणेतीन मिनिटं लागली होती. शेवटचं तेवढंच भरगच्च पान तिने सव्वादोन मिनिटांत वाचलं होतं. दमल्यावर माणूस सावकाश वाचेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो "एकदाचं संपवू" म्हणून वेग वाढवतो, आणि एका श्वासात जास्त शब्द कोंबतो.

मराठी वाचणाऱ्याला इथे एक जास्तीची अडचण असते. आपलं क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे वाचणारा क्रियापद गाठेपर्यंत थांबायला तयार नसतो, आणि नेमका तो शब्द उरल्यासुरल्या हवेवर बोलला जातो. श्वास घेतल्यावर फुगलेली छाती आपोआप मिटत असते, तोवर हवा फुकट बाहेर येत असते आणि घशाला फारसं काही करावं लागत नाही. मिटता मिटता ती जिथे आपोआप थांबते, ती नैसर्गिक विश्रांतीची पातळी ओलांडून खाली गेलात, की पुढचा प्रत्येक शब्द उसनवारीवर बोलला जातो. पोट आत खेचून हवा पिळावी लागते, आणि असलेली हवा पुरवायला स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात. बाईच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर येतात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते असे दाबून आपटले, तर तासाभरात कडा सुजणारच.

आपण उसनवारीवर जातोय का, हे ओळखायची एक साधी परीक्षा मी प्राचीला दिली. वाक्याचा शेवटचा शब्द बोलून झाला की तोंड थोडं उघडं ठेवायचं, खांदे, पोट सगळं सैल सोडायचं, आणि स्वतःहून श्वास घ्यायचा नाही. हवा आपोआप आत ओढली गेली, तर तुम्ही पातळीच्या खाली बोलत होतात. थोडी हवा बाहेर गेली किंवा काहीच झालं नाही, तर ठीक. प्राचीने माझ्यासमोर सलग चार वाक्यं वाचली. तीन वेळा हवा सुस्कारल्यासारखी आत गेली. ती चकित झाली, कारण धाप लागल्याचं तिला एकदाही जाणवलं नव्हतं.

उपाय संहितेवरच करायचा होता. मी तिला हे वाक्य दिलं: "सर ओसरल्यावर भिजलेल्या कौलांवरून ठिबकणारं पाणी ऐकत ती बराच वेळ ओसरीवर, कुणाचीही वाट न बघता, नुसतीच बसून राहिली." ती हे एका दमात वाचत होती. "बसून राहिली" जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. आम्ही पेन्सिलीने खुणा केल्या. "ऐकत"नंतर दोन तिरप्या रेघा, म्हणजे तोंड उघडून पूर्ण श्वास. "ओसरीवर"नंतर एक रेघ, म्हणजे चोरटा श्वास, गाणारे दोन ओळींमध्ये घेतात तसा. "न बघता"नंतर नुसता ठहराव, श्वास नाही. असं वाचल्यावर "बसून राहिली" भरून आलं आणि वाक्याचा भावही उमटला, कारण ते शब्द खरोखर बसून राहिले. एक ताकीद दिली: स्वल्पविराम दिसला की श्वास, असं करायचं नाही. स्वल्पविराम लेखकाने अर्थासाठी दिलेला असतो. श्वासाची जागा वाचणाऱ्याने आपल्या दमसासाप्रमाणे ठरवायची, आणि ती शक्यतो शेवटच्या क्रियापदाच्या चार-पाच शब्द आधी हवी. "भ", "ध", "घ", "ख" असे हवा खाणारे वर्ण दाटीने आले, तर आणखी थोडी अलीकडे.

दुसऱ्या आठवड्यात प्राची उलट्या टोकाला गेली. बहुतेक जण जातात. प्रत्येक वाक्याआधी छाती भरून श्वास, खांदे वर, पहिले दोन शब्द जोरात आणि हवेने भरलेले. माइकमध्ये श्वासाचा आवाज येत होता, आणि तिला चक्कर आल्यासारखंही वाटलं. एवढी हवा भरली की ती अडवून धरायला घसा आवळावा लागतो, म्हणजे त्रास शेवटाकडून सुरुवातीकडे सरकतो एवढंच. म्हणून श्वास वाक्याच्या लांबीइतका. "तो हसला." याला वेगळा श्वास लागतच नाही. तळहात खालच्या बरगड्यांवर, बाजूला ठेवायचा. श्वास घेताना तो हात बाहेर ढकलला जायला हवा, खांदे जागेवर राहायला हवेत. मी तिला बसूनच वाचायला सांगितलं, पण खुर्चीच्या पुढच्या कडेला, पाय जमिनीवर टेकवून. बैठक मारून वाकून वाचलं की बरगड्यांना जागाच राहत नाही.

आवाज तापवायला मी गाण्याचा रियाज सांगत नाही. पाण्याची नळी सांगते. अर्धा ग्लास पाणी, साधी शरबताची नळी, तिचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेलं. ओठ नळीभोवती बंद करून "ऊ" म्हणायचं, बुडबुडे येत राहतील असं. आधी बोलण्याच्या सहज पट्टीत, मग खालून वर आणि वरून खाली घसरत, आणि शेवटी आज वाचायच्या परिच्छेदाची नुसती चाल, शब्दांशिवाय. सगळं मिळून पाच मिनिटं. नळीमुळे तोंडात जो दाब साचतो, तो स्वरतंतूंना वरून आधार देतो. ते कंप पावतात, पण जोरात आपटत नाहीत. बुडबुडे मध्येच थांबले तर घसा आवळला गेला आहे. नाक चिमटीत धरल्यावर आवाज बदलला, तर हवा नाकातून निसटते आहे. घशात ओढ जाणवली तर नळी वर घ्यायची. हीच नळी प्राची आता दर विश्रांतीत मिनिटभर वापरते. खाकरण्याची सवय मोडायलाही ती कामी आली. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर घासतात, त्यातून आणखी चिकटपणा येतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी एक घोट गिळायचा आणि नळीत हळूच "ऊ".

मध आणि ज्येष्ठमधाबद्दल तिने पुन्हा विचारलंच. घशाला बरं वाटतं म्हणून जरूर घ्या. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना तिचा स्पर्शही होत नाही. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर थोडंथोडं पाणी पिण्यातून.

तिच्या वेळापत्रकात मात्र मोठी गोम निघाली. संध्याकाळी सात ते नऊ ती घरी शिकवण्या घेते, आणि रात्री दहाला, सोसायटी शांत झाल्यावर, कपाटाजवळच्या कोपऱ्यात रजया लावून रेकॉर्डिंगला बसते. दोन तास मुलांवर चढ्या आवाजात बोलून दमलेला गळा पाच मिनिटांच्या नळीने ताजा होत नाही. पहाटे करू का, असं तिने विचारलं. उठल्याउठल्या आवाज खाली आणि जाडसर असतो, आधीच्या प्रकरणांशी जुळणार नाही. उठल्यावर निदान तासभर तरी जाऊ द्यावा. शेवटी घरची माणसं कामाला गेल्यावर, सकाळी दहाच्या सुमाराला, असं ठरलं. मधूनच शेजारच्या कुकरची शिट्टी येते, तेवढी ओळ पुन्हा वाचावी लागते.

माइक तिने हातभर लांब ठेवला होता, त्यामुळे नकळत ती खोलीभर ऐकू जाईल असं बोलत होती. तो एका वितीवर आणला, तोंडासमोरून किंचित बाजूला. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज थोडा वाढवला. आपलाच आवाज कानात नीट आला की माणूस आपोआप हळू आवाजात बोलतो.

वेळेची शिस्त अशी ठेवली: पंचवीस मिनिटं वाचन, पाच मिनिटं विश्रांती, आणि नळीचं मिनिट सोडलं तर पूर्ण शांतता. त्या पाच मिनिटांत फोन नाही, आणि कुजबुजही नाही, कारण बऱ्याच जणांचा घसा कुजबुजताना उलट आवळला जातो. वाचताना चूक झाली की लगेच पुढचा शब्द पकडायचा नाही. ओठ मिटायचे, उरलेली हवा सोडायची, नवा श्वास घ्यायचा आणि आधीच्या श्वासखुणेपासून वाचायचं. दर विश्रांतीनंतर तिने एकच ठरावीक ओळ रेकॉर्ड करायची आणि पहिल्या वेळच्या ओळीशी ताडून पाहायची. पट्टी खाली गेली असेल किंवा शेवटचा शब्द कर्रकर्र वाजत असेल, तर आणखी दहा मिनिटं विश्रांती. तरीही तसंच राहिलं, तर त्या दिवसाचं काम बंद. दुखायला लागलं, बोलता बोलता आवाज एकदम गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर ओळ ताडत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.

दोन महिन्यांनी तिने नवं प्रकरण पाठवलं. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा वेळ जवळपास सारखा होता, "राहिली" आणि "म्हणाला" स्वच्छ होते. सकाळचा जडपणाही गेला होता. फक्त कादंबरीतल्या म्हाताऱ्या सावकाराचे संवाद अजून तिला थकवतात, कारण त्याचा घोगरेपणा ती घसा घासून काढते. आता आम्ही तो सावकार वेगातून उभा करतोय. तो दोन शब्दांनंतर थांबतो, "हं" म्हणतो, मग उरलेलं बोलतो. त्याची पानं ती बैठकीच्या अखेरीस एकत्र वाचते, म्हणजे त्याच्यानंतर नायिकेचा मऊ आवाज त्याच दमलेल्या गळ्याने काढावा लागत नाही.