मीठ तेवढेच, पाणी कमीजास्त

प्रश्न: नद्या खडकांतले क्षार वाहून नेतात म्हणून समुद्र खारट झाला, असे शाळेत शिकलो. मग नद्या जिथे मिळतात तिथेच पाणी कमी खारट कसे? आणि सगळ्या समुद्रांची क्षारता सारखी का नाही?

शाळेत शिकलात ते बरोबर आहे, फक्त त्यात काळाचा हिशेब राहून गेला आहे. नदी क्षार आणते, पण किती? एक किलो नदीच्या पाण्यात विरघळलेले क्षार सरासरी एक दशांश ग्रॅमच्या आसपास असतात, तर एक किलो सागरजलात साधारण ३५ ग्रॅम. समुद्रातला साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे, आणि आज येणारी नदी त्यात जी भर घालते ती एखाद्या वर्षात मोजता येण्याइतकीही नसते. पाणी मात्र दररोज येते आणि जाते. त्यामुळे दोन ठिकाणच्या क्षारतेत आज जो फरक दिसतो, तो जवळजवळ सगळा पाण्याच्या आवकजावकीचा असतो.

याला चांगला पुरावा आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. एकूण क्षार ठिकाणागणिक कमीजास्त होते, पण क्लोराइड, सोडियम, मॅग्नेशियम यांचे आपसातले प्रमाण जवळपास सगळीकडे तेच होते. जागोजागी वेगवेगळे क्षार मिसळत असते, तर ही प्रमाणे बदलली असती. ती टिकून राहतात, कारण क्षार तेच राहून त्यांच्यात केवळ पाणी वाढते किंवा घटते.

बाष्पीभवनाचा परिणाम पाहायचा असेल तर मला भूमध्य समुद्राइतके स्पष्ट उदाहरण दुसरे वाटत नाही. तो जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीने अटलांटिकला जोडलेला आहे. तिथे वरच्या थरातून अटलांटिकचे पाणी आत येते, त्याची क्षारता दर हजारी सुमारे ३६.२ असते. खालच्या थरातून जड झालेले पाणी बाहेर पडते, त्याची क्षारता सुमारे ३८.४ भरते. भूमध्य समुद्रातले एकूण मीठ वर्षानुवर्षे साधारण तेवढेच राहते, म्हणजे आत आलेले मीठ बाहेर गेलेच पाहिजे. शंभर किलो पाणी आत आले तर त्यासोबत ३,६२० ग्रॅम क्षार आले, आणि तेवढे क्षार दर हजारी ३८.४ च्या पाण्यातून बाहेर न्यायला जेमतेम ९४ किलो पाणी पुरते. उरलेले सुमारे सहा किलो वाफ होऊन गेले. पाऊस आणि नद्या जेवढे पाणी देतात तेवढे वजा केल्यानंतरची ही तूट आहे. (काळ्या समुद्रातून येणारे पाणी मी या ढोबळ गणितात धरलेले नाही.)

इथे एक समज दुरुस्त करावासा वाटतो. जिथे ऊन अधिक तिथे पाणी अधिक खारट, असे आपण सहज धरून चालतो, पण खुल्या महासागरांत सर्वाधिक क्षारता विषुववृत्तावर आढळत नाही. ती दोन्ही गोलार्धांत साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात आढळते, कारण विषुववृत्ताजवळ पाऊस विपुल असतो, तर या पट्ट्यांत आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारे सततचे असतात. भूमध्य समुद्रातही बाष्पीभवन ऐन उन्हाळ्यापेक्षा शरद ऋतूत आणि हिवाळ्यात जास्त होते, कारण तेव्हा जमिनीवरून येणारे थंड, कोरडे वारे अजून उबदार असलेल्या पाण्यावरून वाहतात. पाणी किती उडेल हे हवा किती कोरडी आहे आणि वारा किती आहे यावरही तितकेच अवलंबून असते.

बाल्टिक समुद्रात हेच गणित उलटे चालते. त्याला अनेक नद्या मिळतात, बाष्पीभवन माफक असते आणि महासागराकडे जाणारी वाट उथळ व चिंचोळी आहे. म्हणून तिथे वरून हलके, निमखारे पाणी बाहेर वाहते आणि तळालगत खारे पाणी आत शिरते. मार्टिन नूडसेन या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९०० मध्ये बाहेर जाणाऱ्या पाण्याची क्षारता ८.७ आणि आत येणाऱ्याची १७.४ धरून हिशेब मांडला. एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असल्याने निष्कर्ष सरळ निघतो: आत येणाऱ्या प्रत्येक लिटरमागे दोन लिटर बाहेर जातात, आणि तो जादा लिटर नद्या व पाऊस यांचा असतो. मध्य बाल्टिकच्या पृष्ठभागावर क्षारता सातच्या आसपास असते. उत्तरेकडे बॉथनियाच्या आखाताच्या टोकाला ती दोन-तीनपर्यंत उतरते.

बर्फाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तो दोनदा परिणाम घडवतो. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा बर्फाच्या स्फटिकात क्षारांना जागा नसते. काही क्षार तीव्र खाऱ्या पाण्याच्या रूपाने बर्फातल्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकतात, बाकीचे खाली समुद्रात उतरतात. एका हिवाळ्यात तयार झालेल्या बर्फाची क्षारता म्हणूनच पाचच्या आसपास राहते, आणि त्याखालचे पाणी मात्र अधिक खारे, अधिक जड होते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की उलट घडते. समजा, दीड मीटर जाडीचा असा बर्फ वितळून ३२ क्षारतेच्या पाण्यात मिसळला. दीड मीटर बर्फाचे पाणी साधारण १.३५ मीटर होते. ते वरच्या वीस मीटरच्या थरात मिसळले तर क्षारता सुमारे ३०.३ होईल, केवळ पाच मीटरच्या थरात राहिले तर ती २६ च्या जवळ येईल. प्रत्यक्षात ते बरेचदा पातळ थरातच राहते, कारण गोठणबिंदूजवळच्या पाण्याची घनता तापमानापेक्षा क्षारतेवरच ठरते, आणि असा हलका थर खालच्या जड पाण्यात मिसळवणे वाऱ्यालाही अवघड जाते.

समुद्री बर्फ जिथे गोठला तिथेच वितळला, तर वर्षाअखेर हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. खरा बदल घडतो तो बर्फ प्रवास करतो तेव्हा. आर्क्टिकमध्ये गोठलेला पुष्कळसा बर्फ ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांमधल्या फ्राम सामुद्रधुनीतून दक्षिणेला जाऊन वितळतो. म्हणजे मीठ एका जागी सुटते आणि गोडे पाणी दुसऱ्या जागी मिळते. जमिनीवरच्या हिमनद्या आणि त्यांच्यापासून तुटलेले हिमनग यांची गोष्ट वेगळी: त्यांचे पाणी बर्फवृष्टीतून आलेले असल्याने ते समुद्राला निखळ गोड्या पाण्याची भर घालतात.

आता आर्क्टिकमध्ये एखाद्या ठिकाणी क्षारता कमी दिसली, तर ती सायबेरियातल्या नद्यांमुळे की बर्फ वितळल्यामुळे, हे केवळ क्षारता मोजून कळत नाही. त्यासाठी ऑक्सिजनचे समस्थानिक उपयोगी पडतात. उत्तरेकडच्या नद्यांचे पाणी तिथल्या पावसाचे व हिमाचे असल्याने त्यात जड ऑक्सिजन-१८ समुद्रापेक्षा बरेच कमी असते. समुद्री बर्फ समुद्रापासूनच बनत असल्याने त्यातले प्रमाण समुद्राच्या जवळपास राहते. क्षारता आणि ऑक्सिजन-१८ ही दोन्ही मोजली की त्या नमुन्यात मूळ समुद्राचे, नदीचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी किती, हे समीकरणे मांडून काढता येते. कधीकधी बर्फाचा वाटा उणे येतो. त्यात चूक नसते: त्या पाण्यात जेवढा बर्फ वितळला, त्याहून अधिक बर्फ त्यातूनच गोठून निघून गेलेला असतो, आणि सोडलेले मीठ मागे उरलेले असते.