धावत शिरायचं की नुसतं धावायचं?

इंग्रजीत ‘रॅन डाउन द स्टेअर्स, आउट द डोअर अँड अक्रॉस द स्ट्रीट’ असं एका दमात येतं. मराठीत उतरवायला गेलं की चार क्रियापदं लागतात. माझंच काही चुकतंय का?

चुकत नाही. हालचाल सांगताना दोन गोष्टी येतात: कुठून कुठे गेला ती वाट, आणि कसा गेला ती रीत. इंग्रजीत वाट ‘आउट’, ‘डाउन’, ‘अक्रॉस’ या सुट्या शब्दांवर सोपवता येते. त्यामुळे क्रियापदाची जागा रीतीसाठी मोकळी राहते आणि एकाच ‘रॅन’पुढे हव्या तितक्या वाटा जोडता येतात. मराठीत वाट क्रियापदातच मुरलेली असते: शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे. वाट बदलली की क्रियापदही बदलणार. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये मांडलेली वर्गवारी ती हीच; स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की या भाषाही आपल्याच बाजूच्या.

म्हणून अनुवादात रीत एकदाच, तीही सुरुवातीला ठेवा: ‘धडधडत जिना उतरला, दाराबाहेर पडला आणि रस्ता ओलांडून गेला.’ प्रत्येक क्रियापदाला ‘धावत’ चिकटवलंत तर वाक्य धापा टाकू लागतं. मूळ इंग्रजीत रीतीची क्रियापदं ढिगानं असतात, पण त्यांतली बरीच तिथे सहज आलेली असतात. ती सगळी मराठीत आणली तर लेखकाला नको असलेला जोर येतो.

‘-त’ आणि ‘-ऊन’ यांत मात्र गल्लत नको. ‘धावत आला’ म्हणजे येण्याची रीत. ‘धावून आला’ म्हटलं की वाचकाला मदत दिसते. ‘उडत गेला’मध्ये पक्षी अजून डोळ्यांपुढे आहे, ‘उडून गेला’मध्ये तो गेलाच.

पण ‘उंदीर बिळात पळाला’ असं आपण सर्रास म्हणतो. इथे रीतीचंच क्रियापद आहे आणि उंदीर आतही गेला. मग नियम कुठे राहिला?

प्रश्न नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारा आहे. अशा भाषांत रीतीच्या क्रियापदाला सगळीकडे मज्जाव नसतो. अडचण येते ती सीमा ओलांडताना. ‘तो घराकडे धावला’ बिनधोक आहे, कारण घराची सीमा ओलांडलेली नाही. स्पॅनिशमध्येही ‘घरापर्यंत धावला’ चालतं, ‘घरात धावला’ या अर्थाला मात्र ‘धावत शिरला’ म्हणावं लागतं.

आता ‘तो मैदानात धावला’ घ्या. ‘मैदानात’मधल्या ‘-त’ प्रत्ययाचा अर्थ स्थळ आणि गंतव्य दोन्ही होतो, पण इथे ऐकणारा स्थळच धरतो: मैदानाच्या आत धावाधाव. पारख सोपी आहे. ‘दहा मिनिटं मैदानात धावला’ जमतं. ‘दहा मिनिटांत मैदानात धावला’ अडतं. तिथे ‘धावत मैदानात पोचला’ म्हणावंच लागतं. तसंच ‘बाटली गुहेत तरंगली’ म्हणजे ती आधीपासून आतच होती. बाहेरून आत आली असेल तर ‘तरंगत गुहेत गेली’.

‘पळणे’ सुटतं, कारण त्यात नुसता वेग नाही, निसटून जाणंही आहे. म्हणजे वाटेचा अंश आधीच आत आहे. ‘पाण्यात उडी मारली’ही चालतं. क्षणात संपणारी, झटक्याची हालचाल सीमा ओलांडू शकते, असं स्पॅनिशसारख्या भाषांतही दिसतं. सावकाश, लांबत जाणाऱ्या हालचाली अडतात: रांगणे, तरंगणे, लंगडणे. तेव्हा ही वर्गवारी सरकारी शिक्क्यासारखी न मानता, भाषेचा नेहमीचा कल म्हणून वापरलेली बरी.

संस्कृतात तर ‘निर्गच्छति’, ‘उत्पतति’ असे उपसर्ग होते. मग आपण बाजू बदलली का?

हो, बदलली. उपसर्ग वाट सांगत आणि धातू उरलेलं. वैदिक भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटाही येई. पुढे उच्चार झिजले आणि जोड बुजली. ‘उतरणे’मध्ये ‘उद्’ आणि ‘तॄ’ दोन्ही आहेत, पण आज बोलणाऱ्याला ते वेगळे काढता येत नाहीत. लॅटिनकडून स्पॅनिश-फ्रेंचकडे येतानाही साधारण हेच घडलं. रशियनमध्ये उपसर्ग अजून जिवंत आहेत, म्हणून घुबड ढोलीतून बाहेर आलं हे सांगताना तिथे ‘बाहेर’चा उपसर्ग ‘उडण्या’लाच लागतो. मराठीत ‘घुबड बाहेर आलं’ म्हणून माणूस मोकळा होतो, उडण्याचं वेगळं सांगत नाही.

म्हणजे आपलं लक्षच रीतीकडे कमी जातं?

नुसतं पाहताना नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी आणि ग्रीक भाषकांच्या नजरेच्या हालचाली नोंदवल्या होत्या. ग्रीकही बऱ्याच अंशी वाटेच्या बाजूची. दृश्याचं वर्णन करायचं असं सांगितलं, तेव्हा दोन्ही गटांची नजर आपापल्या क्रियापदाला हवं असलेल्या तपशिलाकडे आधी वळली. बोलायचं नव्हतं, तेव्हा सुरुवातीला दोघांची नजर सारखीच फिरत होती.