आकारमान कोणतं घ्यायचं? : प्लावक बलाची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण अडतात एकाच ठिकाणी: सूत्रात कोणतं आकारमान घालायचं. सगळ्या उदाहरणांत g = १० मी/से² घेतला आहे.

लाकडाचा ठोकळा पाण्यावर तरंगतो. आकारमान ५०० घसेंमी, वस्तुमान ३५० ग्रॅम. मी प्लावक बल ५ न्यूटन काढलं, पुस्तकात ३.५ न्यूटन आहे. माझं काय चुकलं? (नववीची विद्यार्थिनी)

गुणाकार बरोबर आहे, फक्त आकारमान भलतं घेतलंस. प्लावक बल म्हणजे वस्तूने बाजूला सारलेल्या द्रवाचं वजन. तरंगणारा ठोकळा सगळाच्या सगळा पाण्यात नसतो, त्यामुळे तो ५०० घसेंमी पाणी बाजूला सारतच नाही.

उलट बाजूने जा. ठोकळा स्थिर आहे, म्हणजे वरचं बल आणि खालचं बल सारखं. वजन ०.३५ × १० = ३.५ न्यूटन, म्हणून प्लावक बलही ३.५ न्यूटन. तेवढ्या वजनाचं पाणी ३५० ग्रॅम, म्हणजे ३५० घसेंमी. बुडालेला भाग ३५० भागिले ५०० = ०.७. ठोकळा १० सेंमी × १० सेंमी × ५ सेंमी असेल आणि मोठ्या बाजूवर आडवा तरंगत असेल, तर ५ पैकी ३.५ सेंमी पाण्याखाली आणि दीड सेंमी वर. हा ०.७ म्हणजे लाकडाची सापेक्ष घनताच आहे, त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूचा किती भाग बुडेल हे घनतेवरून थेट सांगता येतं.

तुझे ५ न्यूटनही वाया जात नाहीत. बोटाने ठोकळा पुरता पाण्याखाली दाबून धरलास की प्लावक बल खरोखर ५ न्यूटन होतं. वजन ३.५, म्हणून बोटाला १.५ न्यूटन जोर लावावा लागतो. बोट काढलं की ठोकळा उसळी मारून वर येतो, तो याच शिल्लक दीड न्यूटनमुळे. गणित वाचताना म्हणूनच आधी 'तरंगते' हा शब्द आहे की 'पूर्ण बुडवली' हा, ते पाहा.

तानकाट्याला दगड टांगून पाण्यात सोडला की वजन कमी दिसतं. ते कमी झालेलं वजन जातं कुठे? (नववीचा विद्यार्थी)

पाण्याच्या भांड्यावर जातं, आणि हे मोजता येतं. आपल्याकडचा काळा दगड घे. समज, हवेत काटा ५.६ न्यूटन दाखवतो आणि दगड पुरता पाण्यात असताना ३.६. फरक २ न्यूटन, हेच प्लावक बल. २ न्यूटन वजनाचं पाणी २०० ग्रॅम, म्हणून दगडाचं आकारमान २०० घसेंमी. इथे मात्र अख्खं आकारमान घ्यायचं, कारण दगड पूर्ण बुडालाय. वस्तुमान ५६० ग्रॅम, तर घनता ५६० भागिले २०० = २.८ ग्रॅम प्रति घसेंमी.

आता भांडं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेव. पाण्यासकट तो १००० ग्रॅम दाखवत असेल, तर दगड टांगून आत सोडल्यावर १२०० दाखवेल. पाणी दगडाला वर ढकलतं, तितक्याच बलाने दगड पाण्याला खाली ढकलतो. मग दोरा सैल सोडून दगड तळाला टेकू दे: काटा १५६०. तानकाट्याने पेललेले ३६० ग्रॅमही आता भांड्यावर आले.

पूर्ण बुडाल्यावर दगड आणखी खाली नेला तरी तानकाट्याचा आकडा हलत नाही. खोलीबरोबर दाब वाढतो, पण तो दगडाच्या वर आणि खाली सारखाच वाढतो, दोन्हींतला फरक तेवढाच राहतो. आकडा हलला, तर दगड तळाला किंवा भांड्याच्या कडेला टेकतोय का ते बघ. विटेचा तुकडा वापरू नकोस. तो पाणी पितो, बुडबुडे सोडत राहतो आणि आकडा हळूहळू वाढत जातो.

खिळा बुडतो, मग हजारो टनांचं लोखंडी जहाज का तरंगतं? 'आकारामुळे' हे उत्तर मुलाला पटत नाही. (एक पालक)

न पटणं रास्तच आहे, आकडे घेतल्याशिवाय ते पटत नाही. ७८० ग्रॅम लोखंड घ्या. घनता ७.८, म्हणून आकारमान १०० घसेंमी. गोळा करून पाण्यात टाकला तर तो जास्तीत जास्त १०० घसेंमी पाणी सारतो: प्लावक बल १ न्यूटन, वजन ७.८. तळ गाठणारच.

त्याच लोखंडाचा पत्रा ठोकून वाडगा केला. बाहेरून मोजलेलं आकारमान, आतल्या पोकळीसकट, १५०० घसेंमी. आता वाडगा ७८० घसेंमी पाणी सारेपर्यंत खाली जातो आणि थांबतो, कारण तिथे वजन आणि प्लावक बल सारखं होतं. अजून ७२० घसेंमी शिल्लक आहे, म्हणजे ७२० ग्रॅम वाळू घातली की पाणी काठाला टेकेल. लोखंडाची घनता बदलली नाही, पण वाडगा आणि आतली हवा मिळून सरासरी घनता ७८० भागिले १५०० = ०.५२ झाली.

वाडग्याला भोक पडलं की हवेच्या जागी पाणी शिरतं, सरासरी घनता वाढते आणि ती १ च्या वर गेली की वाडगा बुडतो. जहाजाच्या पोटात आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे करतात ते यासाठीच, एका ठिकाणी भोक पडलं तरी सगळीकडे पाणी शिरू नये म्हणून. (सुई अलगद आडवी ठेवली तर तरंगते, पण ते पृष्ठताणाचं काम. उत्तरपत्रिकेत इथे आणू नये.)

नदीतून समुद्रात आल्यावर जहाज थोडं वर येतं. म्हणजे समुद्रात प्लावक बल जास्त असतं ना? (नववीची विद्यार्थिनी)

नाही, आणि गुण नेमके इथेच जातात. जहाजाचं वजन तेच, ते दोन्हीकडे तरंगतंय, म्हणून प्लावक बलही दोन्हीकडे तेच. बदलतं ते बुडालेलं आकारमान.

गोव्यात मांडवी-झुवारीतून लोहखनिज मुरगावकडे नेणारी बार्ज डोळ्यांसमोर आण. हिशेबाच्या सोयीसाठी ती सरळ खोक्यासारखी धरू: लांबी ५० मी, रुंदी १२ मी, तळ ६०० चौ. मी. बार्ज ३०० टन आणि खनिज १२०० टन, एकूण १५०० टन म्हणजे १५,००,००० किग्रॅ.

गोड्या पाण्याची घनता १००० किग्रॅ/घमी. सारलेलं पाणी १५०० घमी, भागिले ६००, म्हणून बार्ज २.५ मी बुडते. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १०२५. सारलेलं पाणी १५,००,००० भागिले १०२५ = सुमारे १४६३ घमी, खोली २.४४ मी. बार्ज ६ सेंमी वर आली. प्लावक बल दोन्हीकडे १ कोटी ५० लाख न्यूटन.

उलट प्रवासात हे ६ सेंमी महागात पडू शकतात. समुद्रात काठोकाठ भरलेलं जहाज हुगळीतून कोलकात्याला गेलं, तर गोड्या पाण्यात आणखी खाली बसेल. म्हणून मालवाहू जहाजांच्या बाजूवर भाराच्या खुणा रंगवलेल्या असतात. सॅम्युअल प्लिम्सॉल यांच्या खटपटीनंतर ब्रिटनमध्ये १८७६ साली या खुणेची कायद्याने सक्ती झाली. आजच्या खुणांत गोड्या पाण्यासाठी F ही रेघ उन्हाळी समुद्राच्या S रेघेच्या वर असते, कारण तोच माल घेऊन जहाज गोड्या पाण्यात तितकं जास्त बुडणार हे आधीच धरलेलं असतं.