उन्हाळ्यातली धाप आणि वहीतला हिशेब

प्रश्न: माझ्याकडे ५० टक्के होल्स्टीन आणि ५० टक्के गीर अशी गाय आहे. दूध चांगले देते. आता तिला पुन्हा होल्स्टीनचेच रेतन करावे का? दूध वाढेल की उन्हाळ्यात त्रास होईल?

हीच चूक मी स्वतः दोन पिढ्या केली आहे आणि त्यावरून माझा व माझ्या थोरल्या भावाचा वाद अजूनही संपलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडची मूळ गाय तुमच्या गाईसारखीच होती, म्हणजे गीर आई आणि होल्स्टीन वळू यांची पहिल्या पिढीतली. तिला होल्स्टीनचे रेतन केल्यावर ७५ टक्क्यांची कालवड झाली आणि त्या कालवडीलाही होल्स्टीनच भरल्यावर साडेसत्त्याऐंशी टक्क्यांची नात मिळाली. दादा म्हणत होता की रक्त जितके वाढेल तितके दूध वाढेल. मीही त्या वेळी मान डोलावली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. नातीने पहिल्या वेतात, हिवाळ्यात, दिवसाला २४ लिटरपर्यंत मजल मारली. तिची आजी कधी १४ लिटरच्या वर गेली नव्हती. दादाने तो २४ चा आकडा वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवला आणि आजही वाद निघाला की तो तेच पान उघडतो.

त्याने न उघडलेले पान उन्हाळ्याचे आहे. दुपारी दोन वाजता त्या गाईच्या कुशीची हालचाल घड्याळ लावून मोजली, तर मिनिटाला ९० श्वास भरत. आजी त्याच गोठ्यात, त्याच वेळी ५० च्या आसपास श्वास घेत रवंथ करत बसलेली असे. मिनिटाला ६० च्या पुढे आकडा गेला की गाईवर उष्णतेचा ताण आहे असे समजावे, आणि तोंड उघडून, लाळ गाळत धापा टाकू लागली तर तो धोक्याचा टप्पा आहे. नातीचे गुदद्वारातले तापमान संध्याकाळीसुद्धा ३९.५ अंशांच्या खाली येत नसे. निरोगी गाईचे ते साडेअडतीसच्या आसपास असते. रात्रीच्या गारव्यात गाय पूर्ण निवत नसेल, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन ती आदल्या दिवसाची शिल्लक अंगावर घेऊनच सोसते. दूध मात्र त्याच दिवशी उतरत नाही, साधारण दोन दिवसांनी उतरते, आणि म्हणूनच आम्ही बराच काळ दोष चाऱ्याला देत राहिलो.

याचे कारण केवळ कातडी आणि केस यांत नाही. गीरसारख्या वशिंडाच्या गाईंचे केस आखूड व चकचकीत असतात, घामाच्या ग्रंथी मोठ्या असतात, हे खरेच आहे. पण मुख्य मुद्दा असा की दूध तयार होणे हीच उष्णता निर्माण करणारी क्रिया आहे. जास्त दूध हवे तर जास्त खाणे आले, पोटात जास्त आंबवण आले आणि त्यातून शरीरात जास्त उष्णता आली. गीर गाय शांत राहते त्याचे एक कारण ती मुळात कमी उष्णता तयार करते, हेही आहे. म्हणून दूध आणि उष्णता-सहनशीलता ही दोन वेगळी कपाटे नाहीत की एकातले काढले तरी दुसरे जसेच्या तसे राहील.

खरा तोटा दुधात नव्हे, गाभण राहण्यात झाला. उन्हाळ्यात नातीचा माज मुका असे किंवा रात्री काही तासांत येऊन जाई, आणि वेळेवर रेतन झाले तरी ती उलटत असे, कारण फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गर्भ उष्णतेला अत्यंत नाजूक असतो. विल्यानंतर ती गाभण राहिली तेव्हा २८० दिवस उलटले होते. गाभणकाळाचे आणखी २८० धरले तर दोन वेतांतील अंतर ५६० दिवस झाले. त्या वेतात तिने एकूण ३,९०० लिटर दूध दिले, म्हणजे दिवसाला सरासरी ७ लिटरही नाही. आजीचे एका वेतात ३,००० लिटर होत, पण ती ३९५ दिवसांत पुन्हा वीत असे, म्हणजे सरासरी साडेसात लिटरांपेक्षा थोडी जास्तच. शिवाय नातीचा भाकड काळ सात महिन्यांहून अधिक होता आणि त्या काळातही ती खात होतीच. दादाशी माझा वाद एवढ्या एका भागाकारापुरताच आहे.

हा आमच्याच गोठ्याचा योगायोग नव्हता. उष्ण प्रदेशांतील अशा संकरांचा जो आढावा जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९८७ साली प्रसिद्ध केला, त्यातही ५० टक्क्यांपर्यंत दूध सरळ वाढत जाते आणि त्यापुढे फारसे वाढत नाही, उलट दोन वेतांतील अंतर वाढते, असेच दिसले होते. दोन जातींच्या मिश्रणातून वासराला जी जादा ताकद मिळते, तो संकरजोम पहिल्या पिढीत पूर्ण असतो. ती पुन्हा होल्स्टीनला लावली की तो निम्मा होतो आणि पुढच्या पिढीत पाव उरतो. पण संकरित गाय संकरित वळूलाच लावली तरीही पहिल्या पिढीतला निम्मा जोम जातो, हे लक्षात ठेवा, नाहीतर तुमच्या गाईची कालवड आईपेक्षा उणी निघाल्यावर तुम्ही मला बोल लावाल.

माझे मत विचाराल तर ५० ते ६२.५ टक्के या पट्ट्यातच राहा. ब्राझीलमध्ये गिरोलांडो ही जात पाच अष्टमांश होल्स्टीन आणि तीन अष्टमांश गीर या प्रमाणावर स्थिर केली आहे. त्या प्रमाणाचा, मुलींच्या दुधाच्या नोंदी असलेला सिद्ध वळू मिळत असेल तर तुमच्या गाईला तोच वापरा. कालवडीत होल्स्टीनचे प्रमाण सुमारे ५६ टक्के येईल. शुद्ध गीर वळू वापरला तर ते २५ टक्क्यांवर येते, दूध बरेच घटते आणि वासराशिवाय पान्हा न सोडण्याची सवयही परत येऊ शकते.

आता दादाची बाजूही मांडतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. तो म्हणतो की दोष रक्ताचा नव्हता, गोठ्याचा होता. आमचे छप्पर बुटके पत्र्याचे होते, पंखे नव्हते आणि पाण्याची फवारणीही नव्हती. उंच छप्पर, पंखे, फवारणी आणि त्यांचा रोजचा खर्च ज्याला झेपतो, किंवा ज्याच्याकडे रात्री खरोखर गार असतात, त्याच्याकडे ७५ टक्क्यांची गाय उत्तम चालते, हे मला मान्य आहे. मात्र हवा दमट असेल आणि वारा नसेल, तर नुसती फवारणी गाईच्या भोवतीचा दमटपणा वाढवते आणि घाम वाळू देत नाही. आखूड, गुळगुळीत केसांचे जनुक सेनेपोल जातीतून होल्स्टीनमध्ये आणले गेले आहे आणि अशा गाई उन्हात कमी तापतात, पण तुम्हाला तसे वीर्य मिळेल असे मी गृहीत धरलेले नाही. शिवाय एका गाईवरून काढलेला माझा हिशेब हा एका गाईचाच हिशेब आहे.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी येत्या उन्हाळ्यात तुमच्या या ५० टक्क्यांच्या गाईचे श्वास आठवडाभर दुपारी दोन वाजता आणि पुन्हा पहाटे मोजा. पहाटेही ती ४० च्या खाली येत नसेल, तर तिच्या कालवडीत होल्स्टीन वाढवण्याची जागाच तुमच्या गोठ्यात नाही.