आकडे खरे, पण गृहीतक मागाहूनचं

प्रश्न: पणजीत मानसशास्त्रात एम.ए. करतेय. 'मोबाइल जास्त वापरणाऱ्यांची झोप कमी होते' असं गृहीतक सिनॉप्सिसमध्ये दिलं होतं. १८० जणांच्या डेटात तसं काहीच निघालं नाही. मग मुलगे-मुली आणि बस, स्वतःची गाडी, हॉस्टेल असे गट पाडून झोपेचे तास आणि झोपेचा दर्जा दोन्ही तपासले. बसने येणाऱ्या ३१ मुलींत झोपेच्या तासांशी संबंध निघाला, पी ०.०३. सर म्हणतात, प्रस्तावनेत तेच गृहीतक म्हणून घाल. आकडे तर खरेच आहेत, मग बिघडलं कुठे?

आकड्यांत काहीच बिघडलेलं नाही. पण ०.०३ या आकड्याला अर्थ येतो तो तू किती ठिकाणी शोधलंस यावरून, आणि सरांच्या सल्ल्याने नेमकं तेच झाकलं जातं.

दोन लिंग, तीन प्रकारचे प्रवासी आणि झोपेची दोन मापं, म्हणजे बारा चाचण्या झाल्या. प्रत्यक्षात कुठेच काही संबंध नाही असं धरलं, तरी प्रत्येक चाचणीत निव्वळ योगायोगाने पी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता पाच टक्के असते. बाराही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर निदान एक तरी 'लागण्याची' शक्यता ४६ टक्क्यांवर जाते. तुझी दोन मापं एकाच मुलींची आहेत, त्यामुळे ती थोडी कमी भरेल, पण पाच टक्के नक्कीच नाही. वाचणाऱ्याला मात्र एकच गृहीतक आणि एकच चाचणी दिसणार. तो पाच टक्क्यांच्या हिशेबाने विश्वास ठेवणार.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. वाळपईहून पणजीला बसने येणारी मुलगी दोन्ही वेळचा प्रवास मोबाइलवर काढते, घरी उशिरा पोचते, अभ्यास रात्रीवर जातो, झोप कमी होते. प्रस्तावनेत हे किती पटण्यासारखं वाटेल! पण निकाल उलटा आला असता तर? 'बसमध्येच मोबाइल बघून होतो, म्हणून रात्री लवकर झोप लागते' हेही तितक्याच सहज लिहिता आलं असतं. कुठलाही निकाल आला तरी जे गृहीतक बरोबरच ठरणार होतं, त्याची परीक्षा झालीच नाही. वाचक समजतो की तू आधी अंदाज बांधलास, तो चुकण्याचा धोका पत्करलास आणि तो खरा ठरला.

निकाल बघून मागाहून गृहीतक मांडण्याच्या या प्रकाराला मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये 'हार्किंग' असं नाव दिलं. पण गट पाडत गेल्यावर काय काय हाती लागतं ते बघायचं तर त्याच्या दहा वर्षं आधीची आयसिस-२ चाचणी बघ. हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणे गट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसलं! अशा विभागणीवर किती विसंबायचं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. राशी म्हटल्यावर आपण हसून सोडून देतो. बसच्या गोष्टीवर कोणी हसणार नाही, म्हणून ती जास्त फसवते. आयसिस-२ मध्ये तर हजारोंचा डेटा होता. तुझ्या गटात ३१ जणी आहेत, आणि एवढ्या लहान गटात जो संबंध निवडून काढला जातो तो खऱ्यापेक्षा बहुधा मोठाच दिसतो.

यात तुझा मूळ निकालही गायब होतो. १८० जणांत संबंध दिसला नाही, ही तुझ्या प्रबंधातली सगळ्यात भक्कम माहिती आहे. ती दडपलीस तर उद्या मडगावातली एखादी मुलगी तोच विषय घेऊन वर्षभर खपणार.

आता काय करशील? गृहीतक सिनॉप्सिसमध्ये होतं तसंच ठेव, 'आधार मिळाला नाही' असं सरळ लिही. मग वेगळ्या उपशीर्षकाखाली: 'पुढील विश्लेषण पूर्वनियोजित नव्हते, एकूण बारा चाचण्या केल्या.' बाराही तक्त्यात दे. बॉनफेरोनीच्या पद्धतीने, म्हणजे ०.०५ ला बारा चाचण्यांनी भागून, मर्यादा ०.००४ च्या आसपास येते, ०.०३ तिच्यात बसत नाही, हेही लिही. शिवाय बसवाल्या मुलींत संबंध 'आहे' आणि इतरांत 'नाही' एवढ्यावरून दोन गट वेगळे ठरत नाहीत. त्यासाठी दोन गटांतल्या संबंधांमधला फरकच थेट तपासणारी इंटरॅक्शनची चाचणी लावावी लागते, ती लावून बघ.

डेटा चाळून बघण्यात गैर काही नाही, नवे प्रश्न तिथूनच सुचतात. फक्त ज्या डेटातून प्रश्न सुचला त्याच डेटाला त्याचा पुरावा म्हणता येत नाही. बसचा धागा खरंच पटत असेल तर पुढच्या बॅचकडून नवा डेटा घे, आणि त्याआधी गृहीतक, गट, माप आणि चाचणी 'ओपन सायन्स फ्रेमवर्क' या संकेतस्थळावर तारखेसह नोंदव.

सरांशी वाद घालू नकोस. 'सर, सिनॉप्सिस जमा झालंय, व्हायव्हात बाहेरचे परीक्षक ते आणि प्रबंध शेजारी ठेवून विचारतील की मुलीच का आणि बसवाल्याच का' एवढंच म्हण, आणि तक्ता तयार करूनच त्यांच्या केबिनमध्ये जा.