लग्नानंतर आडनाव बदललं आणि माझं शिक्षणाचं लोनच गायब झालं

"मॅडम, शिक्षणाचं लोन मी एकही हप्ता न चुकवता फेडलं. आता घरासाठी लोन मागितलं तर बँक म्हणते तुमची क्रेडिट हिस्टरीच नाही. आधार सासरच्या नावावर, पॅन माहेरच्या, एक खातं इकडचं एक तिकडचं. मी आधी काय बदलू?"

आधी पॅन, मग ज्या बँकेने लोन दिलं होतं ती जुनी बँक, आणि सगळ्यांच्या लोनच्या नोंदी ठेवणारा क्रेडिट ब्युरो सगळ्यात शेवटी. बहुतेक जणी नेमकं उलटं करतात, हिनेही तेच केलं होतं.

मुलगी डिचोलीची, दिली फोंड्याला. नाव सांगत नाही, सोयीसाठी माहेरची गावकर आणि सासरची नाईक म्हणू. माझ्यासमोर बसून तिने प्लास्टिकच्या फोल्डरातून एकेक कागद काढून टेबलावर मांडला आणि मांडता मांडताच घोळ दिसायला लागला. लोन २०१४ सालचं, तेव्हा ती कॉलेजात, पॅन नव्हतंच, त्यामुळे बँकेच्या कागदावर मतदार ओळखपत्राचा नंबर, डिचोलीच्या घराचा पत्ता आणि फोन नंबर बाबांचा. पॅन काढलं २०१८ मध्ये नोकरी लागल्यावर, ते अर्थात गावकर नावाने. लोन २०२१ ला बंद, बंद झाल्याचं पत्र तिने जपून ठेवलेलं, हे फार बरं केलं. पुढच्या वर्षी लग्न, मग आधारवर नाईक, फोंड्याचा पत्ता, स्वतःचा नवा मोबाईल नंबर.

आता ब्युरोच्या बाजूने बघा. त्यांच्याकडे माणूस नसतो, बँकांनी पाठवलेल्या ओळी असतात, आणि नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन हे जुळवून ते ठरवतात की ही ओळ आणि ती ओळ एकाच बाईची. हिच्या जुन्या लोनच्या ओळीत पॅन नाही. नवीन बँकेने चौकशी केली ती पॅन, नाईक, फोंडा आणि नवा नंबर टाकून. दोन्हीकडे सारखी उरली फक्त जन्मतारीख आणि पहिलं नाव, तेवढ्यावर कुठलंही मशीन दोन फायली जोडणार नाही, आणि जोडूही नये, नाहीतर गोव्यातल्या सगळ्या नाईकांची लोनं एकमेकींच्या गळ्यात पडतील. म्हणून हिच्या रिपोर्टात स्कोअरच्या जागी हिस्टरी नाही अशी खूण, खात्यांची यादी रिकामी आणि खाली फक्त त्या नवीन बँकेची चौकशी. तुमच्या रिपोर्टात असं दिसलं आणि तुम्ही पूर्वी लोन घेतलेलं असेल तर समजा की फाईल फुटलीय, कोणी लोन खाल्लेलं नाही.

हिने काय केलं, थेट ब्युरोकडे ऑनलाईन तक्रार टाकली की माझं नाव बदला, माझं लोन दाखवा. ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, ज्या बँकेने माहिती पाठवली तिला विचारतो. बँकेच्या कॉम्प्युटरात अजून गावकरच, तिने सांगितलं आमचा रेकॉर्ड बरोबर आहे, तक्रार बंद. तिला वाटलं आता काही होणारच नाही, पण बँकेने खोटं काही सांगितलं नव्हतं ना, तिला कोणी नवीन नाव कळवलंच नव्हतं.

तर मग सुरुवात पॅनपासून. पॅन दुरुस्तीचा अर्ज प्रोटीन म्हणजे पूर्वीच्या एनएसडीएलच्या किंवा यूटीआयच्या साईटवरून होतो, कार्ड घरी मागवलं तर १०७ रुपये, सोबत लग्नाचं सर्टिफिकेट. नंबर तोच राहतो, नाव तेवढं बदलतं. इथे एक सांगून ठेवते, सायबर कॅफेवाला घाईत नवीन पॅनचा फॉर्म भरतो, तो भरू देऊ नका, दोन पॅन झाले तर दहा हजार दंड होऊ शकतो आणि फाईल आणखी फुटते ती वेगळीच. हिचं आधार आधीच झालेलं होतं म्हणून पॅन सुरळीत झालं, तुमचं नसेल तर आधी आधार, कारण पॅनचं नाव आधारशी जुळावं लागतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग ठरवूनच जा.

सर्टिफिकेटवरून आठवलं. आपल्याकडे गोव्यात लग्नाच्या नोंदीसाठी दोनदा सही करावी लागते, पहिली सही झाली की लोक मंडप आणि जेवणाच्या मागे लागतात आणि सब-रजिस्ट्रारकडची दुसरी सही राहून जाते. दुसरी सही झाल्याशिवाय लग्न नोंद होत नाही आणि सर्टिफिकेटही नाही. आणि तांदळात नाव लिहून पहिलं नावही बदललं असेल तर नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, गॅझेट लागतं. हिच्या सासूबाईंना हौस होती, पण हिने पहिलं नाव सोडलं नाही, बरंच झालं. तसं आडनावही बदलायलाच हवं असा कायदा नाही हो, हे मी प्रत्येकीला सांगते, अर्ध्याअधिक जणींना ते माहीतच नसतं.

खरी वेळ गेली ती जुन्या बँकेत. काउंटरवरचा म्हणाला, लोन बंद झालंय, आता केवायसी कशाला? मी तिला पत्र असं लिहायला सांगितलं की लोन खातं नंबर अमुक, त्यावेळी पॅन दिलेलं नव्हतं, आता माझं पॅन हे, नाव हे, जन्मतारीख ही, या बंद खात्याच्या नोंदीत हे घालून चारही क्रेडिट ब्युरोंना दुरुस्त माहिती पाठवावी. सोबत सर्टिफिकेट, नवं पॅन, आधार, लोन बंद झाल्याचं पत्र, आणि आपल्या कॉपीवर तारखेसकट शिक्का. शिक्का महत्त्वाचा, कारण तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. शाखेने कागद ठेवून दिला, दोन आठवडे काही नाही. मग तेच पत्र हेड ऑफिसच्या तक्रार अधिकाऱ्याला गेलं, कारण ब्युरोला माहिती जाते ती हेड ऑफिसातून, शाखेतून नाही. तिथेही हललं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते, पण तेवढी वेळ आली नाही.

मधल्या काळात तिला पगाराच्या खात्यावरचं नाव बदलायची घाई झालेली. मी थांबवलं. आधी माहेरच्या नावाचे चेक आत घाला म्हटलं, आणि सही बदलणार असाल तर जुन्या सहीने दिलेल्या एसआयपी आणि विम्याच्या मॅन्डेटचं काय होणार ते बँकेला विचारा, नाहीतर सही जुळत नाही म्हणून हप्ता परत यायचा. तिने सही तीच ठेवली, नाव तेवढं बदललं.

दीडेक महिन्याने तिने पुन्हा रिपोर्ट काढला. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणून चौघांकडून काढायला लावला. तीन ठिकाणी लोन आलं, बंद, थकबाकी शून्य. चौथ्याकडे अजून नव्हतं. आता तिथे तक्रार टाक म्हटलं, आता बँकेला विचारलं की ती हो म्हणेल. आणि तसंच झालं.

रिपोर्ट दाखवायला आली तेव्हा मात्र तिचं तोंड पडलेलं. नावाच्या रकान्यात नाईकच्या खाली गावकर अजून होतं. "हे पण काढायचं ना, मॅडम?" म्हटलं नको गो, ते राहू दे, त्याच ओळीने तुझं जुनं लोन तुला येऊन मिळालंय.