क्रोमॅटोग्राफच्या तपशीलपत्रकातील मर्यादा मराठीत कशा लिहाव्यात?

प्रश्न: महापे येथील प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांसाठी एचपीएलसीचे तपशीलपत्रक मराठीत करायचे आहे. डिटेक्शन लिमिट आणि कॉलमचे शब्द कसे लिहू?

उत्तर: डिटेक्शन लिमिटला ‘शोधमर्यादा’ आणि क्वांटिटेशन लिमिटला ‘मापनमर्यादा’ असे दोन वेगळे शब्द योजावेत आणि कॉलम हा रुळलेला शब्द तसाच ठेवून ‘250 × 4.6 मिमी, 5 मायक्रॉन’ यापुढे लांबी, आतील व्यास व कणांचा आकार असे स्पष्ट लिहावे. आयसीएचच्या क्यू2 मार्गदर्शक तत्त्वांनुसार संकेत व पार्श्वगोंगाट यांचे गुणोत्तर शोधमर्यादेला साधारण 3:1, तर मापनमर्यादेला 10:1 असते. म्हणून शोधमर्यादा 0.1 पीपीएम असेल, तर मापनमर्यादा सुमारे 0.33 येते. दोन्हींना नुसते ‘किमान मर्यादा’ म्हटले, तर 0.15 पीपीएमचा नमुना, जिथे ‘पदार्थ आढळला’ एवढेच म्हणता येते, तिथे कर्मचारी आकडा नोंदवून बसतील. मात्र पत्रकातील मर्यादा निर्मात्याच्या चाचणी-पदार्थाची असते, हे त्याच ओळीत लिहावे. आपल्या पद्धतीची मर्यादा प्रयोगशाळेलाच ठरवावी लागते.